एकच स्लॅब, दोन अभियंते

सरकारी नोकरी बरी की ठेकेदाराकडची, हा प्रश्न सिव्हिलच्या मुलांना शेवटच्या वर्षापासून छळतो. पगाराची तुलना सगळेच करतात. मला मात्र खरा फरक साइटवर, स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी दिसतो.

जिल्हा परिषद शाळेची एक खोली घ्या. लांबी ६ मीटर, रुंदी ४ मीटर. नकाशात १० मिमीच्या मुख्य सळया १५० मिमी अंतराने आहेत. म्हणजे ४१ सळया. भिंतीवरच्या टेकासकट प्रत्येकी ४.३ मीटर, एकूण वजन सुमारे १०९ किलो. अंतर २०० मिमी ठेवले तर ३१ सळयांत भागते आणि वजन ८२ किलोवर येते. काँक्रीट पडल्यावर वरून दोन्ही स्लॅब सारखेच दिसतात. म्हणून कनिष्ठ अभियंत्याने ओतण्याआधीच टेप लावून सळया मोजायच्या आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदवायच्या असतात. या नोंदीवर बिल निघते आणि पुढे चौकशी लागली तर पहिली हीच पुस्तिका मागवली जाते. बदली होते, सही राहते. सरकारी खात्यातला ताण हा असा लांबणीवरचा असतो.

ठेकेदाराच्या अभियंत्याचा ताण त्याच रात्रीचा. मिक्सर आलाय, मजूर उभे आहेत, तपासणीचे साहेब अजून यायचे आहेत. उशिराचा खर्च त्याच्या माथी. पण शिकतो तोच जास्त. सळई बाजारात १२ मीटरची येते. तिच्यातून ४.३ मीटरचे दोन तुकडे निघतात आणि ३.४ मीटर उरते. हा उरलेला तुकडा लिंटेलमध्ये कुठे बसेल, हे कापण्याआधीच ठरवायला लागते. नाहीतर तो भंगारात जातो. हे गणित पुस्तकातून हाताला येत नाही. दुसऱ्या बाजूला निविदेच्या अटी, दरपृथक्करण, जादा बाबींची मंजुरी हे खात्यातला माणूस जितके खोलवर जाणतो, तितके साइटवरच्याला क्वचितच जमते.

स्थैर्याबद्दल दुमत नाही. खात्यात पगार महिन्याला जमा होतो. मात्र १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप लागू नाही, हे लग्नाच्या बोलणीत कुणी सांगत नाही. ठेकेदाराचे सरकारी बिल अडकले की आधी पगार लांबतो तो साइट इंजिनिअरचाच, आणि काम संपले की पुढचे काम मिळेपर्यंत धाकधूक.

माझे मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षे ठेकेदाराकडे काढावीत आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोबत चालू ठेवावा. स्वतः सळई बांधून घेतलेला अभियंता खात्यात आला, की टेप कुठे लावायचा हे त्याला नेमके ठाऊक असते: भिंतीलगत नव्हे, मधल्या गाळ्यात, कारण अंतर वाढवले जाते ते बहुधा तिथेच.