तीन वर्षांचा प्रकल्प, चार वर्षांचे हिशेब

आता हे बघा. एका संस्थेला तीन वर्षांसाठी ३६ लाखांचं अनुदान मिळालं, वर्षाला १२ लाख. प्रकल्प सुरू झाला १ ऑक्टोबर २०२३ला. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे प्रकल्पाची वर्षं तीन, पण ताळेबंद चार.

बहुतेक जण पहिलं वर्ष सरळ अर्धं करतात: मार्चपर्यंत सहा लाख. इथेच गडबड होते. तीन लाखांची यंत्रं नोव्हेंबरमध्येच घ्यायची आहेत, उरलेले नऊ लाख दरमहा ७५ हजारांनी जाणार. म्हणजे मार्चअखेर खर्च साडेसात लाख. कागदावर दीड लाख जास्त दिसतो, प्रत्यक्षात कुणी काही उधळलेलं नसतं!

म्हणून अंदाजपत्रक आधी महिन्यांत मांडा, मग त्याच महिन्यांची बेरीज दोनदा करा. पुढची दोन वर्षं दरमहा एक लाख धरले, तर आर्थिक वर्षांनुसार साडेसात, साडेदहा, बारा आणि सहा येतात. बेरीज ३६च.

आणि प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं वर्षही लिहा. सप्टेंबरच्या कामाचं बिल ऑक्टोबरमध्ये चुकतं केलं, तर आर्थिक वर्ष तेच राहतं, पण खर्च प्रकल्पाच्या मागच्या वर्षाचा असतो. ते नुसत्या खातेवहीवरून कळत नाही.