३१ जानेवारीला जोडणी घेतलेला ग्राहक

मोबाइलचा रिचार्ज २८ दिवसांचा असल्यामुळे वर्षाला तेरा वेळा पैसे भरावे लागतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ मध्ये त्यावर आदेश काढला. प्रत्येक कंपनीने काही रिचार्ज तरी असे ठेवायचे, की ज्यांची मुदत दर महिन्याच्या त्याच तारखेला संपून नव्याने सुरू होईल. त्याच आदेशात पुढे एक लहानशी अट आहे. ती तारीख एखाद्या महिन्यात नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा.

सामान्य माणसाला ही अट सांगावीही लागत नाही. ३१ तारखेला भाडे देणारा भाडेकरू फेब्रुवारीत २८ला किंवा २९ला भाडे देतो आणि मार्चमध्ये पुन्हा ३१ला. संगणकाला मात्र यातला प्रत्येक शब्द सांगावा लागतो. चुकीचा सांगितला, तर ती चूक बरेच महिने दडून राहते आणि नेमकी दरवाढीच्या वेळी ग्राहकाच्या बिलात उतरते. म्हणून नवे दर लागू करण्याआधी बिलाचे सॉफ्टवेअर खोट्या तारखांवर चालवून पाहावे लागते.

एक उदाहरण घेऊन पाहू. घरोघरी इंटरनेट पुरवणारी एक कंपनी समजा. महिन्याचे ६०० रुपये, कर वेगळा. १ मार्च २०२८पासून दर ७२० रुपये करायचे ठरले. २०२८ हे लीप वर्ष आहे, त्यामुळे फेब्रुवारी २९ दिवसांचा. ग्राहकांना कळवलेला नियम असा: ज्याचा महिना १ मार्चच्या आधी सुरू झाला असेल, त्याला तो महिना जुन्याच दराने, त्यानंतरचा महिना नव्या दराने.

आता ३१ जानेवारीला जोडणी घेतलेला ग्राहक पाहा. त्याचा दुसरा महिना २९ फेब्रुवारीला सुरू होतो, म्हणजे ६०० रुपये. तिसरा ३१ मार्चला, म्हणजे ७२०. कागदावर मांडले की यात अवघड काही नाही.

पण अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये ‘महिना एकने वाढव’ असे सांगितले, की संगणक आधी ३१ फेब्रुवारी ही तारीख बनवतो आणि जास्तीचे दिवस पुढच्या महिन्यात ढकलतो. जावास्क्रिप्टचे `setMonth` असेच वागते. पीएचपीमधले `+1 month` हेसुद्धा. २०२८ मध्ये ३१ फेब्रुवारी म्हणजे २ मार्च. एरवी अशा चुकीने बिल दोन दिवस उशिरा निघाले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. इथे मात्र त्या दोन दिवसांच्या मध्ये १ मार्च आहे. सॉफ्टवेअरला दिसते, की या ग्राहकाचा महिना २ मार्चला सुरू झाला, म्हणजे नवा दर. ग्राहकाला १२० रुपये जास्त लागतात, तेही कंपनीने स्वतः कळवलेला नियम मोडून. दराचे गणित तपासणाऱ्याला त्यात काही चुकीचे सापडत नाही, कारण दर बरोबर लावलेला असतो; चुकलेली असते ती तारीख.

दुसरी चूक याहून हळू चालते. संगणक फेब्रुवारीची शेवटची तारीख बरोबर काढतो, पण पुढचा हिशेब मूळ ३१ तारखेऐवजी मागच्या बिलापासून करतो. मग २९ फेब्रुवारीनंतर २९ मार्च, २९ एप्रिल, आणि ग्राहक कायमचा २९ तारखेचा होऊन बसतो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तो २८वर येतो आणि तिथेच राहतो. उपाय सोपा आहे: जोडणीची मूळ तारीख जपून ठेवायची आणि प्रत्येक बिल तिच्यापासून मोजायचे. पायथॉनमध्ये ते असे दिसते:

```python
from datetime import date
from dateutil.relativedelta import relativedelta

start = date(2028, 1, 31)
for n in range(4):
    print(start + relativedelta(months=n))
```

उत्तर येते ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल. दर फेरीला `start` बदलत गेलात आणि त्यात एकच महिना मिळवत राहिलात, तर याच साधनातून २९ मार्च बाहेर पडेल.

वार्षिक वर्गणीत हा प्रश्न वेगळ्या दिशेने येतो. १ मार्च २०२७ रोजी कोणी ६,००० रुपये भरून वर्षाची जोडणी घेतली आणि सॉफ्टवेअरने वर्ष म्हणजे ३६५ दिवस असे धरले, तर मुदत २९ फेब्रुवारी २०२८लाच संपते. नूतनीकरण एक दिवस आधी, म्हणजे जुन्या दराने, तेही पूर्ण वर्षासाठी. नवा वार्षिक दर ७,२०० असेल, तर अशा प्रत्येक ग्राहकामागे कंपनीचे १,२०० रुपये जातात. ग्राहकाचा मात्र भरलेल्या वर्षातला एक दिवस कापला जातो. आणि ज्याने २९ फेब्रुवारी २०२८लाच वर्षाची वर्गणी भरली, त्याचे वर्ष कधी संपणार? २८ फेब्रुवारी २०२९ की १ मार्च? दोन्ही उत्तरे चालतील, पण त्यातले एक आधी ठरवून करारात लिहायला हवे. केवळ वर्षाचा आकडा एकने वाढवला, तर २९ फेब्रुवारी २०२९ ही नसलेलीच तारीख तयार होते. मायक्रोसॉफ्टची ‘अझूर’ ही क्लाउड सेवा २९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलमडली, ती अशाच कारणाने. एक वर्षाच्या मुदतीचे सुरक्षा प्रमाणपत्र बनवताना वर्षात फक्त एक मिळवला गेला, मुदत २९ फेब्रुवारी २०१३ निघाली आणि प्रमाणपत्र बनेना.

या सगळ्याची परीक्षा २०२८ची वाट न बघता घ्यायची, तर सॉफ्टवेअरला ‘आज’ कोणती तारीख आहे हे आपल्याला सांगता आले पाहिजे. कामाची खरी मेख इथे आहे. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी संगणकाच्या घड्याळाला थेट वेळ विचारलेली असते. ती सगळी ठिकाणे शोधून ‘आता किती वाजले’ हे एकाच ठिकाणाहून विचारले जाईल अशी रचना करावी लागते. मग चाचणीच्या वेळी त्या एका ठिकाणी खरे घड्याळ काढून आपले घड्याळ बसवता येते. जुन्या प्रोग्रॅममध्ये एवढी दुरुस्ती शक्य नसेल, तर पायथॉनसाठी `freezegun` आणि लिनक्सवर `faketime` अशी साधने आहेत. ती प्रोग्रॅमला वेगळीच तारीख दाखवतात. वर्गणी वसुलीची सेवा देणारी स्ट्राइप कंपनी चाचणीच्या खात्यात असे घड्याळच देते. ते पुढे सरकवले, की मधली सगळी बिले ओळीने निघतात.

यात एक फट नेहमी राहते: डेटाबेस. प्रोग्रॅमला २९ फेब्रुवारी दिसत असते आणि डेटाबेसमधले `now()` मात्र खरी आजची तारीख लिहीत असते. चाचणीतल्या बिलावर दोन वेगवेगळ्या काळांतल्या तारखा दिसल्या, की चूक इथे आहे असे खुशाल समजावे. दुसरी खूण म्हणजे महिनाभर सुरळीत पास होणारी आणि फक्त ३१ तारखेला नापास होणारी चाचणी. तिला पुष्कळदा ‘पुन्हा चालवून बघा’ म्हणून सोडून दिले जाते. माझ्या मते तीच सर्वात आधी उघडून बघावी. तिच्यात कुठेतरी खरे घड्याळ शिरलेले असते आणि ती आपल्याला नेमका महिनाअखेरचा दोष दाखवत असते.

घड्याळ हातात आले, की तारखाही निवडून घ्याव्या लागतात, आणि त्यांत वेळही धरावी लागते. भारतात १ मार्चच्या मध्यरात्री जागतिक प्रमाणवेळेनुसार २९ फेब्रुवारीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सर्व्हर बहुधा या जागतिक वेळेवर चालतात. १ मार्चला पहाटे दोन वाजता जोडणी घेणाऱ्या ग्राहकाची नोंद त्यामुळे २९ फेब्रुवारी अशी होऊ शकते, आणि मग त्याला जुना दर लागतो, वर महिन्याची तारीखही २९ पडते. म्हणून २९ फेब्रुवारीचे रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटे, मध्यरात्र, आणि पहाटेचे साडेपाच, जेव्हा जागतिक वेळेत तारीख बदलते, या तिन्ही वेळांच्या दोन्ही बाजूंना चाचणी लागते.

निवडक तारखांपलीकडची तपासणी मला जास्त भरवशाची वाटते. लागोपाठच्या चार वर्षांत १,४६१ दिवस असतात. त्यातल्या प्रत्येक दिवशी एक काल्पनिक ग्राहक जोडणी घेतो असे धरायचे, प्रत्येकाला दोन-तीन वर्षे पुढे चालवायचे आणि प्रत्येक बिलाला तेच मोजके प्रश्न विचारायचे. मागचा महिना जिथे संपला तिथूनच पुढचा सुरू झाला का? बारा महिन्यांत बाराच बिले निघाली का? ग्राहकाला परत दिलेली रक्कम त्याने भरलेल्या रकमेहून जास्त तर नाही ना?

हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १ मार्चला महिना सुरू झालेला आपला ग्राहक त्याच दिवशी जास्त वेगाच्या जोडणीवर गेला, तर उरलेल्या दिवसांचे पैसे त्याला वळते मिळतात. दिवसाचा दर काढताना महिना ३० दिवसांचा धरला, तर ७२० भागिले ३०, म्हणजे दिवसाला २४ रुपये. उरलेले दिवस ३१. वळते झाले ७४४. त्याने भरले होते ७२०. फेब्रुवारीत हाच हिशेब उलटतो आणि ग्राहकाला त्याच्या हक्काचे सगळे पैसे मिळत नाहीत. भागाकार त्या महिन्याच्या खऱ्या दिवसांनी केला, की दोन्ही बाजू जुळतात.

खोट्या घड्याळाला मर्यादा आहेत. ते आपल्या प्रोग्रॅमपुरते चालते. बँकेचे घड्याळ आपल्यासाठी पुढे जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे वळते करण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला रक्कम आणि तारीख कळवावी लागते. ही सूचना पाठवणारा भाग पुष्कळदा बिलाच्या प्रोग्रॅमपासून वेगळा लिहिलेला असतो आणि तारीख आपल्या पद्धतीने काढतो. सूचनेत २ मार्च, ७२० रुपये आणि खात्यातून गेले २९ फेब्रुवारीला ६००, असे होऊ नये म्हणून दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून पाहावे लागतात.

उरते ती शेवटची पायरी. खऱ्या ग्राहकांच्या यादीची प्रत घ्यायची, नावे आणि फोन नंबर काढून टाकायचे, आणि जुना व नवा प्रोग्रॅम तिच्यावर फेब्रुवारी ते एप्रिल २०२८पर्यंत चालवायचा, एक रुपयाही वसूल न करता. दोन्ही निकालांची वजाबाकी केली, की मासिक ग्राहकांमध्ये १ मार्चपासून सुरू होणाऱ्या महिन्यांवर नेमका १२० रुपयांचा फरक दिसायला हवा, आणि त्याआधी सुरू झालेल्या महिन्यांवर शून्य. यात न बसणाऱ्या ओळी थोड्याच निघतात. बहुतेक २९, ३० आणि ३१ तारखेच्या ग्राहकांच्या असतात. त्या एकेक करून हाताने सोडवाव्या लागतात, आणि प्रत्येकीचे कारण कागदावर येईपर्यंत नवा दर सुरू करू नये.