‘शून्य चूक’ असे लिहिण्याआधी

निर्यातीच्या कागदपत्रांचे काम मी बरीच वर्षे केले, आणि आता त्याच कामासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घेतो. समोर आलेल्या बहुतेक रेझ्युमेंत एक ओळ हमखास असते : ‘दरमहा ३०० कंटेनर हाताळले, शंभर टक्के अचूक काम’. मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो, की हे ३०० कंटेनर आहेत की ३०० टीईयू? इथेच अनेकजण अडखळतात. काम त्यांनी खरोखर केलेले असते, पण ते मोजलेले नसते.

टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचे माप. चाळीस फुटी एक कंटेनर म्हणजे दोन टीईयू. त्यातही कागदपत्रांच्या माणसाचे काम कंटेनरच्या संख्येने वाढत नाही, ते शिपिंग बिलांच्या संख्येने वाढते. शिपिंग बिल म्हणजे माल देशाबाहेर नेण्यासाठी कस्टम्सकडे दाखल करायचे विवरण. एका बिलावर दहा कंटेनर जाऊ शकतात, आणि दहा पेट्यांच्या छोट्या मालालाही एक स्वतंत्र बिल लागते. म्हणून रेझ्युमेत शिपिंग बिले, कंटेनर आणि टीईयू हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक मुलगी निर्यात विभागात आहे. माल न्हावा शेवा बंदरातून जातो. वर्षभराची नोंदवही उघडून ती मोजते : शिपिंग बिले २३२, वीस फुटी कंटेनर २१०, चाळीस फुटी ४५. म्हणजे कंटेनर २५५ आणि टीईयू ३००. आता तिच्या पहिल्या ओळीला आधार आहे. कोणी काहीही विचारले तरी तिच्याकडे हिशेब आहे.

दुसरी ओळ कस्टम्सच्या कामाची. इथे बरेच उमेदवार ‘शिपिंग बिल फाइल केले’ असे लिहितात. पण बहुतेक कारखान्यांत बिल कस्टम्स ब्रोकर दाखल करतो, तेही आइसगेट या पोर्टलवर, स्वतःच्या डिजिटल सहीने. कारखान्यातला माणूस इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट तयार करतो आणि ब्रोकरकडून आलेली चेकलिस्ट तपासून मंजुरी देतो. मालाचा एचएस कोड, वजन, किंमत, चलन, विक्रीच्या अटी आणि जीएसटीची माहिती त्या चेकलिस्टमध्ये असते. तपासणे हेच या नोकरीतले खरे कौशल्य आहे. म्हणून ‘२३२ चेकलिस्ट तपासून मंजूर केल्या’ ही ओळ खरी आहे आणि अधिक वजनदारही. ज्याने ब्रोकरकडे काम करून परीक्षा दिली आहे आणि जी-कार्ड मिळवले आहे, त्याने ते ठळक लिहावे, कारण त्याचा अधिकार वेगळा असतो.

तिसरी ओळ बंदराशी समन्वयाची. हा शब्द फार ढिसाळ वापरला जातो. समन्वय म्हणजे दिवसाला पन्नास फोन करणे नव्हे, ठरलेल्या वेळा पाळणे. जहाजाच्या आधी काही मुदती असतात : शिपिंग लाइनला बिल ऑफ लेडिंगचा तपशील देण्याची, कंटेनरचे प्रमाणित वजन म्हणजे व्हीजीएम कळवण्याची आणि कंटेनर बंदराच्या गेटमधून आत नेण्याची. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. शिवाय कस्टम्सची निर्यात परवानगी, म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, हातात असायला हवी. यातले एकही राहिले तर कंटेनर मागे राहतो, ज्याला आम्ही ‘शट आउट’ म्हणतो. मग भाडे आणि दंड लागू होतो आणि ग्राहकाचा माल पुढच्या जहाजापर्यंत अडकतो.

आपल्या चाकणच्या मुलीचे वर्षात सहा कंटेनर चुकले. त्यातले चार कारखान्यातून माल उशिरा निघाल्यामुळे आणि दोन व्हीजीएम वेळेत न कळवल्यामुळे. तिने लिहावे : ‘२५५ पैकी २४९ कंटेनर नियोजित जहाजावर, कागदपत्रांमुळे चुकलेले २’. मुलाखत घेणाऱ्याला यातून एकाच वेळी दोन गोष्टी कळतात : तिची शिस्त, आणि कारण शोधण्याची तिची सवय.

आता सर्वात नाजूक शब्द, ‘शून्य चूक’. निर्यातीत दुरुस्ती आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जहाज बदलले किंवा ग्राहकाने माल घेणाऱ्याचे नाव बदलले, तर शिपिंग बिलात दुरुस्ती करावी लागते, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. माल गेल्यानंतरही सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते, पण निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या आधारावरच. म्हणून दुरुस्त्यांचा आकडा जसाच्या तसा ‘चूक’ म्हणून मोजला तर स्वतःवर अन्याय होतो, आणि तो लपवला तर पकडले जाण्याची भीती राहते.

खरी चूक कशी दिसते, ते पाहा. कारखान्याचा जीएसटी विभाग इन्व्हॉइसला एक क्रमांक देतो आणि निर्यात विभाग ग्राहकासाठी वेगळ्या क्रमांकाचे इन्व्हॉइस बनवतो. शिपिंग बिलावर दुसरा क्रमांक जातो, जीएसटी विवरणपत्रात पहिला. बंदरात काहीच अडत नाही, जहाज सुटते, सगळे खूश असतात. काही आठवड्यांनी भरलेल्या आयजीएसटीचा परतावा येत नाही आणि आइसगेटवर SB005 हा कोड दिसतो. त्याचा अर्थ, दोन्हीकडचा इन्व्हॉइस क्रमांक जुळत नाही. कंपनीचे पैसे अडकतात, आणि हे सोडवताना कोणाचे तरी दिवस जातात. चेकलिस्ट मंजूर करण्यापूर्वी हे दोन क्रमांक शेजारी ठेवून पाहिले असते, तर एका मिनिटात काम झाले असते.

वर्षाच्या २३२ बिलांत अकरा दुरुस्त्या झाल्या. सात ग्राहकाच्या किंवा जहाजाच्या बदलामुळे. उरलेल्या चार तिच्या विभागाच्या : दोन पेट्यांची संख्या चुकल्याने, दोन इन्व्हॉइस क्रमांकाच्या. म्हणजे २२८ बिले पहिल्याच वेळी बरोबर, ९८.३ टक्के. तिने पुढची ओळ लिहिली : ‘SB005 मुळे अडकलेले दोन परतावे सोडवले, त्यानंतर दोन्ही विभागांसाठी एकच इन्व्हॉइस क्रमांक सुरू केला’. मी मुलाखत घेत असेन, तर ‘शंभर टक्के’ लिहिणाऱ्यापेक्षा हिला आधी बोलावीन. चूक कुठे होते हे जिला माहीत आहे, तीच ती पुढच्या वेळी थांबवू शकते.

हे आकडे राजीनाम्याच्या आदल्या रात्री आठवून निघत नाहीत. प्रत्येक शिपिंग बिलामागे एक ओळ लिहा : बिलाची तारीख, निर्यात परवानगीची तारीख, कंटेनर कोणते, ठरलेले जहाज, प्रत्यक्ष गेलेले जहाज, दुरुस्ती झाली का आणि कोणामुळे. ही वही कंपनीचीच राहील. ग्राहकांची नावे, दर, इन्व्हॉइसच्या प्रती घेऊन बाहेर पडू नका आणि रेझ्युमेतही लिहू नका. नेता येतात ते फक्त एकूण आकडे, आणि नोकरीसाठी तेवढेच लागतात.

तुम्ही आज या कामात असाल तर पुढच्या शिपिंग बिलापासूनच ही नोंद सुरू करा. वर्षाने रेझ्युमे लिहायला बसाल तेव्हा त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला वहीतून काढून दाखवता यायला हवी. दाखवता येत नाही, ती ओळ खोडून टाका.