नोंदी हलतात, नियम मागे राहतात

हाऊसिंग सोसायटीत तक्रारवही असते, तशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येक गटाकडे एक वही असते. 'अमुक बटण दाबलं की प्रोग्राम बंद पडतो', 'तमुक सोय हवी' अशा नोंदी तीत होतात. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो, ती कोणाकडे सोपवली आणि कुठवर आली हे तिथेच लिहिलं जातं. संगणकावरच्या या वहीला ट्रॅकर म्हणतात. बगझिला, जिरा, रेडमाइन, गिटहब इश्यूज ही त्यातली परिचित नावं.

कधी ना कधी ही वही बदलावी लागते. जुनी परवडत नाही किंवा नव्यात सोयी जास्त असतात. नोंदींचा मजकूर एका वहीतून दुसरीत नेणारे प्रोग्राम सहज मिळतात, त्यामुळे काम किरकोळ वाटतं. पण दोन वह्यांचे रकाने सारखे नसतात, आणि नोंद एका टप्प्यावरून दुसऱ्यावर कशी जाते याचे नियमही सारखे नसतात. खरं काम तिथे सुरू होतं. ते कसं असतं हे पाहायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं उदाहरण चांगलं, कारण त्यांचं स्थलांतर सगळ्यांसमोर झालं आणि आजही कोणालाही पाहता येतं.

पंचवीस रकाने आणि एक पेटी

पायथनच्या तक्रारी पूर्वी सोर्सफोर्जवर होत्या. 2007 मध्ये त्या राउंडअप नावाच्या ट्रॅकरवर आल्या. पुढे 2017 मध्ये पायथनचा कोड गिटहबवर गेला, पण तक्रारी राउंडअपवरच राहिल्या. दुरुस्ती एका ठिकाणी आणि तिची चर्चा दुसऱ्या ठिकाणी, असा संसार पाच वर्षं चालला. तक्रारीही गिटहबवर न्याव्यात असा प्रस्ताव मारियाटा विजाया यांनी मांडला, तो 2019 मध्ये मंजूर झाला. एझिओ मेलोत्ती यांच्या पुढाकाराने एप्रिल 2022 मध्ये पन्नास हजारांहून जास्त नोंदी एकदाच हलवल्या गेल्या.

राउंडअपमध्ये एका नोंदीला वीस-पंचवीस रकाने होते : तक्रारीचा प्रकार, कोणता भाग, कोणती आवृत्ती, टप्पा, निकाल, प्राधान्य, कोणाला कळवायचं, कोणत्या नोंदीवर अवलंबून, वगैरे. त्या वेळच्या गिटहबवर नोंद एक तर उघडी, नाही तर बंद. बाकी सगळ्यासाठी लेबल नावाच्या रंगीत चिठ्ठ्या, हव्या तितक्या चिकटवा.

मग प्रत्येक रकान्याचा वेगळा निर्णय करावा लागला. प्रकार, भाग आणि आवृत्ती यांच्या चिठ्ठ्या झाल्या. राउंडअपमधली 'वर्तन चुकीचं' ही नोंद `type-bug` झाली, 'सुधारणा हवी' ही `type-feature` झाली, आणि आवृत्तीसाठी `3.11` अशी चिठ्ठी आली. ज्यांची चिठ्ठी करण्यात अर्थ नव्हता ते रकाने फेकून मात्र दिले नाहीत. स्थलांतरित नोंदीच्या अगदी वर एक छोटा तक्ता दिसतो, त्यात जुना क्रमांक असतो. त्याखाली एक बंद पेटी असते. ती उघडली की जुन्या नोंदीचे सगळे रकाने जसेच्या तसे मजकूर म्हणून दिसतात. वर सूचनाही आहे, की ही माहिती स्थलांतराच्या क्षणाची आहे, आजची असेलच असं नाही.

ही पेटी फार शहाणपणाची आहे. नव्या वहीत प्रत्येक जुन्या रकान्याला जागा करायला गेलं, की कोणीच न भरणारे डझनभर रकाने तयार होतात. आणि टाकून दिलं, की चार वर्षांनी कोणीतरी नेमकं तेच विचारतं. मजकूर म्हणून ठेवलं तर रोजच्या वाटेत येत नाही, पण शोधलं की सापडतं.

तरीही चिठ्ठी म्हणजे रकाना नव्हे. राउंडअपमध्ये 'प्रकार' या रकान्यात एकच पर्याय निवडता येई. गिटहबवर एकाच नोंदीला `type-bug` आणि `type-feature` दोन्ही चिकटवायला कोणीच अडवत नाही. किंमत नव्या घरी पोचली, पण 'यांतलं एकच' ही अट मागे राहिली. असंच कळवायच्या यादीचं झालं. जुन्या ठिकाणी त्या यादीत एखाद्याचं नाव घातलं, की पुढच्या प्रत्येक मजकुराची मेल त्याला जाई. गिटहबवर अशी यादीच नाही. जुनी नावं नोंदीच्या वर लिहून ठेवली गेली, पण आता कोणाचं लक्ष वेधायचं तर मजकुरात त्याचा `@` लावून उल्लेख करावा लागतो.

टप्पा गेला कुठे?

राउंडअपमध्ये 'टप्पा' हा महत्त्वाचा रकाना होता. दुरुस्ती हवी, चाचणी हवी, दुरुस्तीची तपासणी बाकी, अशा पायऱ्या त्यात होत्या आणि प्रत्येक पायरी माणसाने हाताने बदलायची असे. घाईत ते राहून जाई.

गिटहबवर आल्यावर हे टप्पे जवळजवळ सगळे काढून टाकले. ऐकायला हे नुकसान वाटतं, पण तसं नव्हतं. गिटहबवर दुरुस्ती पुल रिक्वेस्ट म्हणून येते आणि ती नोंदीशी जोडलेली असते. तपासणी झाली का, बदल सुचवले का, कोडमध्ये मिळवली का, हे त्या पुल रिक्वेस्टवरच दिसतं. `awaiting review` किंवा `awaiting changes` अशा चिठ्ठ्याही तिथे आपोआप लागतात. जे सांगण्यासाठी टप्प्याचा रकाना होता, ते आता काम स्वतःच सांगत होतं.

म्हणून रकान्यांची जुळणी करताना 'या नावाचा रकाना नव्या ट्रॅकरमध्ये आहे का' हा पहिला प्रश्न नसावा. हा रकाना कोण भरतं, कोण वाचतं आणि तो वाचून काय करतं, हे आधी विचारावं. तिन्हींची उत्तरं नसतील तर तो पेटीत जावा.

उलटी दिशा

साध्या ट्रॅकरमधून जास्त नियमांच्या ट्रॅकरमध्ये जाताना अडचण वेगळी असते. जिराचं उदाहरण घेऊ. तिथे नोंदीची अवस्था एका रकान्यात असते आणि निकाल, म्हणजे सोडवली, नाकारली, दुबार निघाली वगैरे, दुसऱ्या रकान्यात. नोंद सुटली की नाही हे जिराचे अनेक अहवाल निकालाच्या रकान्यावरून ठरवतात. तो रिकामा असेल, तर अवस्था 'पूर्ण' असली तरी नोंद न सुटलेली धरली जाते.

रोजच्या कामात हे जाणवत नाही, कारण नोंद बंद करताना निकाल भरला जाईल अशी सोय कार्यपद्धतीतच केलेली असते. आयात केलेली नोंद मात्र त्या वाटेने आलेलीच नसते. ती थेट 'पूर्ण' या अवस्थेत जन्माला येते आणि निकाल कोराच राहतो. सोमवारी सकाळी व्यवस्थापक फलक उघडतात, तर तीन वर्षांपूर्वी मिटलेल्या तक्रारी बाकीच्या यादीत हजर. चूक सापडायला जिराच्या शोधात एकच ओळ पुरते :

```
statusCategory = Done AND resolution IS EMPTY
```

उत्तरात एकही नोंद आली, तर आयातीची जुळणी अपुरी आहे. जुन्या 'बंद' नोंदींना कोणता निकाल द्यायचा हे आयातीच्या आधी ठरवून फाइलमध्येच लिहावं. नंतर हजारो नोंदींवर एकगठ्ठा बदल केला, तर त्या सगळ्या आज बदलल्याची खूण त्यांच्यावर राहते आणि 'अलीकडे बदललेल्या' याद्या निरुपयोगी होतात.

क्रमांक : एका नोंदीची दोन नावं

लोक नोंदीला तिच्या क्रमांकाने ओळखतात. तो क्रमांक कोडच्या इतिहासात, मेलमध्ये, कागदपत्रांत, लोकांच्या तोंडात पसरलेला असतो, आणि तिथून तो बदलता येत नाही.

पायथनला क्रमांक बदलावेच लागले. गिटहबवर नोंदी आणि पुल रिक्वेस्ट एकाच मालिकेत मोजल्या जातात आणि मालिकेतले सुरुवातीचे तीसेक हजार क्रमांक पुल रिक्वेस्टनी आधीच घेतले होते. ब्राउझरमध्ये पायथन चालवण्यासाठी वेबअसेंब्लीला आधार द्यावा, ही 2020 ची नोंद पाहा. राउंडअपवर ती `bpo-40280` होती, गिटहबवर ती `gh-84461` झाली. काम स्थलांतराच्या आधी सुरू झालं आणि नंतरही चाललं. म्हणून पायथनच्या कोडच्या इतिहासात एकाच कामाच्या काही बदलांवर पहिलं नाव आहे, काहींवर दुसरं.

खरा धोका यापुढचा. कोणी सवयीने गिटहबवर नुसतं `#40280` लिहिलं, तर दुवा तुटत नाही. तो त्या क्रमांकाच्या दुसऱ्याच, कितीतरी जुन्या नोंदीकडे जातो. तुटलेला दुवा लगेच कळतो, चुकीच्या ठिकाणी नेणारा वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणून क्रमांकाआधी `bpo-` की `gh-` हे लिहिण्याची शिस्त महत्त्वाची. जुनी वहीही मोडीत काढली नाही. तीत लिहिणं बंद केलं, वाचणं चालू ठेवलं, आणि जुना क्रमांक दिला की नव्या नोंदीवर नेणारा पत्ता केला :

```
https://bugs.python.org/issue?@action=redirect&bpo=40280
```

तपासायचं काय

स्थलांतरानंतर बहुतेक जण एकूण आकडा जुळवतात. जुन्यात बारा हजार, नव्यात बारा हजार, झालं. पण एकूण आकडा जुळूनही अर्धी वही चुकीची असू शकते. उभ्या रकान्यात जुन्या अवस्था आणि आडव्या ओळीत नव्या अवस्था लिहून, प्रत्येक चौकटीत किती नोंदी पडल्या ते मोजावं. 'फेरउघडलेली' अवस्थेच्या चाळीस नोंदी 'पूर्ण' खाली दिसल्या, तर घोटाळा तिथेच सापडतो. शिवाय आयातीत नोंदींची तारीख आणि लेखक टिकले का, हेही पाहावं. साध्या मार्गाने आयात केली, तर सगळ्या नोंदी आजच्या तारखेच्या आणि आयात करणाऱ्याच्या नावावर उतरू शकतात.

हे सगळं आधी रिकाम्या, चाचणीच्या जागेत करावं, तेही मेल बंद ठेवून. नाही तर दहा वर्षांपूर्वी तक्रार केलेल्यालाही पत्रं जातील. नमुना निवडताना सरळ नोंदी घेऊ नयेत. दोनदा उघडून बंद झालेली, नोकरी सोडून गेलेल्याच्या नावावरची, पाच फाइली जोडलेली, दुसऱ्या नोंदीवर अवलंबून असलेली, अशा अवघड नोंदी घ्याव्यात. त्या नीट उतरल्या, तर साध्या उतरतातच.

ट्रॅकर बदलायचं तुमच्या कचेरीत घाटत असेल, तर आयातीचा प्रोग्राम शोधण्याआधी जुन्या वहीच्या रकान्यांची यादी छापा आणि प्रत्येकासमोर तो कोण वाचतं त्याचं नाव लिहा. ज्यांच्यासमोर नाव येणार नाही, ते रकाने नव्या वहीत नेऊ नका. मजकूर म्हणून जपून ठेवा आणि जुनी वही वाचण्यापुरती उघडी ठेवा.