कॅमेऱ्याचा विमा आहे, पण कुणाचा?

भाड्याने कॅमेरा घ्यायला गेलेला नवा निर्माता एक प्रश्न हमखास विचारतो. "विमा आहे ना याचा?" काउंटरवरून उत्तर येतं, "आहे की!" आणि तो निर्धास्तपणे चलनावर सही करतो.

उत्तर खोटं नसतं. विमा असतो, पण तो कॅमेऱ्याच्या मालकाचा असतो. तुमच्या हातून लेन्स फुटली, तर विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि ती रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याचा मालकाचा हक्क कंपनीकडे जातो. पैसे मागायला येणारा तेवढा बदलतो, द्यायचे तुम्हालाच असतात. बहुतेक चलनांच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की सामान परत जमा होईपर्यंतची मोडतोड आणि चोरी भाड्याने घेणाऱ्याच्या माथी. छोट्या शूटिंगमधल्या विम्याची निम्मी गफलत इथेच होते.

यातून निघायचे दोन मार्ग आहेत. मालकाच्या पॉलिसीत शूटिंगपुरतं तुमचंही नाव घालून घ्यायचं, किंवा 'तुमच्याकडून वसुली करणार नाही' असं त्याच्या विमा कंपनीकडून लेखी घ्यायचं, हा एक मार्ग. भाड्याने घेतलेल्या सामानासाठी स्वतःच्या नावाने पॉलिसी काढणं हा दुसरा. मालकाचा तोंडी शब्द कितीही मनापासून दिलेला असला तरी दाव्याच्या वेळी त्याला किंमत नसते.

स्वतःची पॉलिसी काढताना होणारी चूक एका उदाहरणाने पाहू. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर तीन दिवस लघुपटाचं शूटिंग आहे. कॅमेरा, लेन्स, मॉनिटर, ट्रायपॉड मिळून सामानाची किंमत २० लाख. प्रीमियम वाचावा म्हणून निर्मात्याने विमा उतरवला १२ लाखांचा. सगळं सामान एकदम थोडंच जाणार आहे, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायरीवर एक लेन्स निसटली. नुकसान २ लाख ४० हजारांचं. विमा १२ लाखांचा आणि नुकसान त्याहून कितीतरी कमी, तेव्हा सगळे पैसे मिळतील असं त्याला वाटलं. पण विम्यात सरासरीचं कलम असतं. किमतीच्या ६० टक्क्यांचाच विमा उतरवला असेल, तर कोणत्याही नुकसानीचे ६० टक्केच मिळतात. म्हणजे १ लाख ४४ हजार. दाव्यातली पहिली काही रक्कम विमेदाराने स्वतः सोसायची असते, तिला एक्सेस म्हणतात. ती २५ हजार धरली तर हातात आले १ लाख १९ हजार. लेन्स दुरुस्तीत बारा दिवस पडून राहिली, त्या दिवसांचं भाडं मालकाने रोजचे ४ हजार या दराने लावलं. ते ४८ हजार साध्या पॉलिसीत बसत नाहीत. निर्मात्याच्या खिशातून गेले एकूण १ लाख ६९ हजार. म्हणून सामानाची आजची पूर्ण किंमत मालकाकडून लेखी घ्यावी, प्रत्येक वस्तूच्या सिरीयल नंबरसह यादी पॉलिसीला जोडावी आणि बंद दिवसांच्या भाड्याचं संरक्षण जोडून मिळतं का ते विचारावं.

या पॉलिसीला 'ऑल रिस्क' म्हणतात. नावावरून वाटतं की यात सगळंच आलं. चोरीच्या बाबतीत मात्र ती फार काटेकोर असते. रात्री लॉजबाहेर उभ्या केलेल्या, कुणी माणूस नसलेल्या गाडीतून पेटी गेली, तर बहुतेक पॉलिसी दावा नाकारतात. काहींमध्ये गाडी कुलूपबंद असणं आणि काच किंवा कुलूप फोडल्याची खूण असणं लागतं. विश्वासाने ज्याच्या हाती सामान दिलं तोच ते घेऊन पसार झाला, तर तेही साधारणपणे बाहेरच. आणि सर्वांत जास्त घडणारी गोष्ट म्हणजे, सामान परत करताना एखादा फिल्टर किंवा बॅटरी कमी भरते आणि ती कधी गेली, कुठे गेली हे कुणालाच सांगता येत नाही. असं गूढरीत्या नाहीसं झालेलं सामान विम्यात येत नाही. रोज पॅकअपला चलन हातात धरून मोजदाद करणं हा त्यावरचा एकच इलाज मला ठाऊक आहे. चोरी त्याच रात्री लक्षात आली, तर पोलिसांत लगेच नोंद होते आणि विमा कंपनीलाही कळवता येतं.

आता माणसांकडे येऊ. मला याची काळजी कॅमेऱ्यापेक्षा जास्त वाटते. 'लायबिलिटी कव्हर घेतलंय' असं म्हणणाऱ्याने ते कुणासाठी आहे हे पाहिलेलं नसतं. ते त्रयस्थासाठी असतं. वाऱ्याने लाइटचा स्टँड पडून बघायला उभ्या असलेल्या माणसाला लागलं, तर ते उपयोगी पडतं. शूटिंगसाठी घेतलेल्या वाड्याच्या कोरीव खांबाला ट्रॉली घासली, तर कदाचित नाही, कारण तुमच्या ताब्यात असलेली मालमत्ता या पॉलिसीतून सहसा वगळलेली असते. त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते.

आणि जनरेटरच्या केबलचा शॉक लाइटमनलाच बसला तर? तो त्रयस्थ नाही. त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी असते. रक्कम किती होऊ शकते ते पाहा. कायद्यातलं सूत्र असं, की मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. वय ३०, वेतन १५ हजार धरलं, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५०. 'लाइटमन ठेकेदाराचा आहे' हे उत्तर पुरत नाही. ज्याने काम ठेक्याने दिलं त्याच्याकडेही कुटुंबाला भरपाई मागता येते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. लघुपटात मित्र बिनपगारी राबतात. त्यांना पगारच नाही, म्हणून ते कामगारांच्या पॉलिसीत बसत नाहीत आणि युनिटचेच, म्हणून त्रयस्थही ठरत नाहीत. त्यांच्यासाठी नावांच्या यादीसह सामूहिक अपघात विमा घ्यावा. सगळ्यांत सहज विसरला जाणारा विमा हाच.

ड्रोन असेल तर तो विषय स्वतंत्र. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडून बाकीच्यांना त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. ड्रोनवाल्याकडून पॉलिसीची प्रत घ्या आणि शूटिंगच्या तारखा तिच्या मुदतीत येतात का ते पाहा.

विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार, प्रीमियम कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. आदल्या रात्री एजंटला फोन केला, तो "करून टाकतो" म्हणाला, एवढ्याने विमा झालेला नसतो. शिवाय पॉलिसीत लिहिलेली ठिकाणं आणि तारखाच धरल्या जातात. पावसामुळे शूटिंग मेणवलीहून पाचगणीला हललं किंवा एक दिवस वाढलं, तर तसा बदल आधी पॉलिसीत लिहून घ्यावा लागतो. तेव्हा शूटिंगच्या किमान दहा दिवस आधी विमा कंपनीकडे जा. सामानाची यादी, माणसांची यादी, ठिकाणं आणि तारखा सोबत न्या, आणि भाड्याच्या चलनाची मागची बाजूही त्यांना वाचायला द्या.