दुसरं लग्न आणि अर्थ लावण्याचे तीन नियम

कायद्याच्या पेपरात संदिग्ध फौजदारी कलम देऊन आरोपी दोषी आहे का, असं विचारलं की अनेक विद्यार्थी तिन्ही नियमांच्या व्याख्या लिहून थांबतात. गुण असतात ते नियम त्या कलमाला लावून दाखवण्याला.

उदाहरण म्हणून इंग्लंडचा १८६१चा कायदा घ्या. विवाहित व्यक्तीनं जोडीदार हयात असताना दुसऱ्या कुणाशी लग्न केलं, तर तो गुन्हा. ‘आर विरुद्ध ॲलन’ या १८७२च्या खटल्यातल्या आरोपीनं बायको हयात असताना आपल्या दिवंगत पहिल्या पत्नीच्या भाचीशी लग्न लावलं. बचाव असा, की हे नातं निषिद्ध असल्यामुळे हे लग्न तसंही रद्दच ठरतं. मग ‘लग्न केलं’ कुठे?

उत्तराची सुरुवात लिटरल रूलने करावी. ‘लग्न करणे’ म्हणजे कायदेशीर विवाह, असा काटेकोर अर्थ घेतला तर आरोपी सुटतो. पण मग कुणीच दोषी ठरणार नाही, कारण विवाहित माणसाचं दुसरं लग्न कायद्यानं कधीच वैध नसतं. कलमच निकामी होतं. इथे गोल्डन रूल येतो. शब्दाला पेलवेल असा दुसरा अर्थ शोधायचा: लग्नाचा विधी पार पाडणे. कोर्टानं तोच घेतला आणि ॲलन दोषी ठरला. मिस्चिफ रूल १५८४च्या हेडनच्या खटल्यातला. आधीच्या कायद्यात काय उणीव होती आणि संसदेनं कोणता अपप्रकार थांबवायला उपाय केला, हे तो विचारतो. इथे अपप्रकार म्हणजे लग्नाच्या पवित्र विधीचा आधार घेऊन होणारी फसवणूक. उत्तर तेच येतं.

भारतीय कलमाला मात्र हाच युक्तिवाद जसाच्या तसा चिकटवू नये. दंड संहितेच्या कलम ४९४मध्ये (आता न्याय संहितेचं कलम ८२) जोडीदार हयात असल्यामुळे रद्द ठरणारं लग्न, असे शब्दच आहेत. ॲलनच्या खटल्यातली विसंगती इथे उद्भवतच नाही. आपल्याकडचा प्रश्न वेगळा: लग्न झालं म्हणायला किती विधी लागतात? ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६५च्या निकालात हार घातले गेले होते, कपाळाला कपाळ लावलं गेलं होतं, पण होम आणि सप्तपदी झाली नव्हती. हे विधी वगळण्याची रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून लग्न झालंच नाही, असं सांगत सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली.

फौजदारी कलमात शंकेचा फायदा आरोपीला, हे तत्त्व या निकालामागे उभं करता येतं, आणि ते उत्तरात लिहायलाच हवं. तरी मिस्चिफ रूल लावून पाहिला तर मला हा निकाल पटत नाही. पहिल्या बायकोची फसवणूक सात पावलं न चालल्यानं कमी होत नाही, आणि मुद्दाम सप्तपदी टाळणाऱ्याला यातून पळवाट मिळते.