खिडकीचे माप आणि चित्राचे माप

समजा, तुम्ही घरी बसून मराठी पाककृतींचे एक छोटे ॲप तयार केले आहे आणि ते गूगल प्ले स्टोअरवर टाकायचे आहे. त्यासाठी फोनच्या पडद्याची किमान दोन चित्रे, म्हणजे स्क्रीनशॉट, द्यावे लागतात. हाताशी फोन नसला तरी अडत नाही. अँड्रॉइड स्टुडिओतला इम्युलेटर लॅपटॉपवरच एका खिडकीत फोन उभा करतो.

पहिली चूक इथेच होते. ही खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावर मावावी म्हणून आक्रसलेली असते. आतला फोन 1080 बाय 2400 पिक्सेलचा असला, तरी खिडकीत तो जेमतेम 400 बाय 890 दिसतो. लॅपटॉपचा स्क्रीनशॉट घेऊन कातरला, तर हेच छोटे चित्र हाती लागते. ते ताणून मोठे केले की अक्षरे फुगतात आणि धूसर होतात. जोडाक्षरे नि अनुस्वार तर आधी बिघडतात.

म्हणून चित्र खिडकीचे न घेता आतल्या फोनकडूनच मागावे. इम्युलेटरच्या बाजूच्या पट्टीवर कॅमेऱ्याचे बटण असते. किंवा ही आज्ञा द्यावी:

```
adb exec-out screencap -p > shot1.png
```

खिडकी कितीही लहान असो, फाइल पूर्ण मापाची मिळते. मात्र विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये `>` या चिन्हामुळे फाइल बिघडते आणि उघडतच नाही. तिथे साधा कमांड प्रॉम्प्ट वापरावा.

आता दुसरी अडचण. पूर्ण मापाचे चित्रही प्ले स्टोअर नाकारू शकते, कारण लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीहून जास्त चालत नाही. 1080 ची दुप्पट 2160. आपली उंची 2400. उंची दाबून बसवली तर गोल थाळी लंबगोल दिसते, कातरली तर खालची बटणे जातात. त्यापेक्षा फोनच बदलावा. इम्युलेटरच्या यादीतला Pixel 2 हा 1080 बाय 1920 चा आहे. त्यावर ॲप चालवले की ते स्वतःच त्या पडद्यात नीट मांडले जाते, आणि चित्राला पुन्हा हात लावावा लागत नाही.

शेवटी फाइलचे गुणधर्म उघडून पाहावेत. रुंदी-उंची 1080 आणि 1920 हवी. त्याखालीच बिट डेप्थ दिसते. तिथे 32 असेल तर चित्रात पारदर्शकतेचा थर आहे. प्ले स्टोअरला पीएनजी 24 बिटचीच, त्या थराविना लागते. अशी फाइल कोणत्याही चित्र-संपादकात उघडून तो थर काढून टाकावा किंवा जेपीईजी म्हणून जतन करावी. माप तेच राहते.